६०० मीटर खाली एक गाव: पाण्याखालची संस्कृती रचायची कशी

माझी एक मैत्रीण कादंबरी लिहितेय, पाण्याखालच्या राज्याची. परवा तिने पहिली तीन प्रकरणं वाचायला पाठवली. पहिल्याच पानावर राणी लाल झगा घालून उंच सिंहासनावर बसलीय, दोन्ही बाजूंना मशाली, दरबारी खाली मान घालून उभे, आणि खिडकीबाहेरून मासे चाललेत. भाषा गोड आहे, वाचायला मजा आली, पण सारखं वाटत होतं की ही राणी जमिनीवरचीच आहे, फक्त महालात कोणीतरी नळ चालू ठेवून गेलंय. फोन करून विचारलं, हे राज्य किती खोल आहे गं? ती म्हणाली, "किती म्हणजे? खोल. समुद्रात."

घोळ तिथेच आहे.

आणि हे तिचं एकटीचं नाही. खोल समुद्राच्या बातम्या हल्ली सारख्या येतात, २०२२ मध्ये जपानजवळ ८,३३६ मीटरवर मासा कॅमेऱ्यात सापडला, २०२५ मध्ये वायव्य पॅसिफिकच्या खंदकांत साडेनऊ किलोमीटर खोल शिंपले आणि नळीतल्या किड्यांच्या अख्ख्या वसाहती असल्याचं जाहीर झालं, आणि मग गोष्टी लिहिणाऱ्या, गेम बनवणाऱ्या लोकांना वाटतं की चला, तिथे माणसंही वसवू. वसवा की. पण एक टेस्ट घ्या: सीनमधलं पाणी काढून टाका. काहीच बिघडलं नाही, लोक तसेच बसले, तसेच जेवले, तसेच देवाला गेले, तर ते पाणी नुसतं वॉलपेपर होतं.

आपण एक गाव शेवटपर्यंत उभं करून बघू. सूट एकच घ्यायची: तिथे जन्मलेले, पाण्यातच श्वास घेणारे, विचार करणारे लोक आहेत. बाकी सगळं खऱ्या समुद्राच्या नियमांनी.

### आधी आकडा लिहा

समुद्र ही एक जागा नाही, एकावर एक ठेवलेली बरीच जगं आहेत. वरच्या २०० मीटरपर्यंत झाडासारखं जगता येईल एवढा उजेड मिळतो. २०० ते १,००० मीटर हा संधिप्रकाशाचा पट्टा, इथे दिवसा निळसर काहीतरी दिसतं पण त्यावर काही उगवत नाही. १,००० च्या खाली सूर्य नाहीच. म्हणून पहिलं वाक्य लिहायच्या आधी कागदावर एक आकडा लिहायचा.

मी ६०० मीटर घेतोय, समुद्रातल्या एका डोंगराच्या उतारावर. डोंगराचा माथा ४०० मीटरवर, म्हणजे तोही बुडालेलाच. हीच जागा का, ते जेवणाच्या भागात कळेल.

### पण प्रेशरने चिरडून जाणार नाहीत का?

सगळ्यात पहिला आक्षेप हाच येतो. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की दाब एका ॲटमॉस्फिअरने वाढतो. एक ॲटमॉस्फिअर म्हणजे आपल्यावर जी हवा आहे तिचा समुद्रसपाटीवरचा दाब, जो आपण जन्मभर झेलतो आणि आपल्याला कळतही नाही. ६०० मीटरला असे ६१ होतात, ६० पाण्याचे आणि एक वरच्या हवेचा. समजायला सोपं म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या नखावर एक धडधाकट माणूस उभा आहे, आणि असाच एकेक माणूस अंगाच्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर.

ऐकायला भयंकर वाटतं, पण चिरडायला आत पोकळी लागते. झाकण लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली खाली नेली तर चुरगळून जाईल, तीच काठोकाठ पाण्याने भरून नेली तर जशीच्या तशी राहील, कारण आतून पाणी तेवढंच ढकलतंय. आपल्या गावकऱ्यांचं अंग बहुतेक पाणीच आहे, त्यामुळे त्यांना दाब कळणारसुद्धा नाही, जसा आपल्याला हवेचा कळत नाही. (फार खोल गेलं की शरीरातले प्रोटीनचे रेणूच दाबाने बिघडायला लागतात आणि माशांना त्यासाठी अंगात एक खास रसायन साठवावं लागतं, ज्याच्यापासून पुढे तो मासळीचा वास येतो. पण तो प्रश्न काही हजार मीटरचा, आपला नाही.)

यातून एक गोष्ट लगेच निकालात निघते, ती म्हणजे हवा भरलेला काचेचा घुमट. ६०० मीटरला दोन चौरस मीटरच्या साध्या दारावर बाराशे टनांहून जास्त भार येतो. असं दार फक्त अशा लोकांना हवं असतं ज्यांना आत हवा हवी आहे, म्हणजे आपल्यासारख्या पाहुण्यांना. तिथल्या माणसाचं घर पाण्याने भरलेलं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब, बांबूच्या जाळीचं घरही टिकेल.

### मग प्रेशरचा त्रास कुठे होतो? वर जाताना

इथे खरी गंमत सुरू होते. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्या जोरावर मासा न बुडता, न तरंगता पाण्यात जागच्या जागी राहतो. आपल्या गावातल्या बहुतेक लोकांना अशी पिशवी आहे असं धरू, कारण ती नसेल तर दिवसभर नुसतं तरंगत राहायला हातपाय मारावे लागतील आणि जिथे खायलाच कमी तिथे हे परवडत नाही.

आता घाट चढताना चिप्सचं पाकीट फुगतं ते आठवा. बाहेरचा दाब कमी झाला की आतला गॅस पसरतो. आपल्या माणसाचं पोट हे ते पाकीट आहे. खऱ्या माशांचंही हेच होतं, खोलातून भराभर ओढून काढलेल्या माशाचं पोट तोंडातून बाहेर आलेलं दिसतं ते यामुळेच. मासा हा गॅस कमी करू शकतो, पण तो रक्तात शोषून घेत हळूहळू, त्याला वेळ लागतो.

मी गावासाठी एक नियम ठरवला: पिशवी एका दमात पाचव्या हिश्श्याने फुगली तर चालते, त्यापुढे दुखतं. तेवढं चढायचं, मग एक रात्र थांबायचं, जादा गॅस जिरला की पुढे. याला ते एक पायरी म्हणतात. आता हिशोब करून बघा. ६०० मीटरला ६१ ॲटमॉस्फिअर, पिशवी पाचव्या हिश्श्याने फुगेल तेव्हा बाहेर साधारण ५१ असतील, म्हणजे ५०० मीटर. पहिली पायरी तब्बल १०० मीटरची! दुसरी ८५ च्या आसपास, तिसरी ७० च्या. प्रत्येक पायरी आधीपेक्षा लहान होत जाते, कारण महत्त्व दाब किती मीटरने बदलला याला नाही, किती पटीने बदलला याला आहे. १०० मीटरच्या जवळ पोचेपर्यंत पायरी २० मीटरवर येते आणि अगदी वर दोन-तीन मीटरवर. एकूण पायऱ्या भरतात बावीस-तेवीस. त्यातल्या साडेनऊमध्ये तुम्ही ५०० मीटर चढता आणि उरलेल्या तेरा शेवटच्या १०० मीटरमध्ये खर्च होतात.

हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. कारण यातून तीर्थयात्रेची अख्खी वाट तयार मिळते, आणि वाट अशी की जितके जवळ जाल तितकं अंतर लांबत जातं. या लोकांच्या भाषेत मीटरसारखं माप असणारच नाही, पायरी हेच माप, आणि ते उभ्यातलंच. बाजूचं गाव पाच किलोमीटरवर असलं तरी शेजारी, कारण तिथे जायला एकही पायरी लागत नाही. डोंगराचा माथा मात्र दोनशेच मीटर वर असून दोन-तीन रात्रींचा प्रवास.

अजून एक. पिशवी फुगली की माणूस हलका होतो, हलका झाला की आणखी वर जातो, वर गेला की पिशवी आणखी फुगते. एकदा ताबा सुटला की थांबता येत नाही. आपण खाली पडतो, हे लोक वर पडतात. आया पोरांना ओरडतात ते "वर पडशील!" म्हणून. लहान मुलाच्या घोट्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला दगड, आणि पोरगं स्वतःची पिशवी सांभाळायला शिकलं की ती दोरी कापण्याचा समारंभ. बघा, हा विधी मला सुचवावा लागला नाही, तो पोटातल्या पिशवीतूनच आला.

### गॅसवाले आणि तेलवाले

खऱ्या समुद्रात तरंगायचा दुसराही मार्ग आहे, चरबी. ऑरेंज रफी नावाचा मासा अशाच बुडालेल्या डोंगरांभोवती राहतो आणि त्याच्या पिशवीत गॅसऐवजी मेणासारखी चरबी असते. काही खोल पाण्यातल्या शार्कचं लिव्हर तेलाने एवढं भरलेलं असतं की ते शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत जातं. तेल पाण्यापेक्षा थोडंच हलकं, म्हणून ते भरपूर लागतं. पण ते दाबाने जवळपास आकुंचत नाही की फुगत नाही, त्यामुळे असा प्राणी खालीवर हवा तसा फिरतो.

आता गावात काही घराणी तेलवाली असली तर? त्यांना पायऱ्या नाहीत. सकाळी माथ्यावर, संध्याकाळी घरी. निरोप तेच नेणार, व्यापार तेच करणार, वर काय आहे हे फक्त तेच सांगणार आणि ते खरं की खोटं हे तपासायला कोणी जाऊ शकणार नाही. पुजारी म्हणा, दलाल म्हणा, सत्ता आपोआप त्यांच्याकडे सरकते. फक्त त्यांची एक दुखरी नस आहे. तेल म्हणजे साठवलेलं अन्न. दुष्काळात शरीर ते जाळायला लागतं आणि तेलवाला जड होऊन बुडायला लागतो. गॅसवाला उपाशी असला तरी तरंगतो. त्यामुळे तेलवाल्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वाढायचं हा नियम, आणि त्यावरून गावात कायमची कुरकुर, की आम्ही उपाशी आणि तुम्ही वर जायला हवेत म्हणून तुमचं ताट भरलेलं. कादंबरीला भांडण लागतं ना, हे घ्या.

### उजेड फक्त वरून येतो, म्हणून मोठा माणूस खाली बसतो

पाणी रंग एकेक करून गिळतं, सगळ्यात आधी लाल, शेवटी निळा. ६०० मीटरवर दिवसा जो काही उजेड आहे तो अगदी फिका निळा आणि फक्त डोक्यावरून. १९३४ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब आणि इंजिनिअर ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ ९२३ मीटर खाली गेले होते, त्या डाइव्हच्या वर्णनात बीबला या निळ्याने पार वेड लावल्यासारखं दिसतं.

उजेड फक्त वरून असला की कोण कोणाला बघू शकतं हे ठरून जातं. खालच्याला वरचा दिसतो, निळ्यावर काळी सावली म्हणून. वरच्याने खाली बघितलं तर त्याला नुसता काळोख. म्हणून तिथले कितीतरी प्राणी पोटाखाली बारीक दिवे बाळगतात आणि वरच्या उजेडाएवढेच मंद पेटवून आपली सावली पुसून टाकतात. हॅचेटफिश हा मासा त्यातला उस्ताद. आपल्या गावकऱ्यांच्या पोटालाही असे दिवे आहेत असं धरू.

मग अशा जगात सिंहासन उंच असेल? अजिबात नाही. मुखिया सगळ्यात खाली बसणार, पाठीला डोंगर, आणि येणारा प्रत्येक जण त्याला वर सावलीसारखा दिसणार. त्याच्यापुढे नम्र व्हायचं म्हणजे वाकायचं नाही, वर यायचं आणि पोटाचे दिवे विझवायचे, म्हणजे बघ, मी लपत नाहीये. दोन मित्र भेटले की दोघं एकाच पातळीवर येऊन दिवे विझवतात, हा तिथला नमस्कार. दिवे चालू ठेवून मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जाणं हा एवढा मोठा अपमान की त्यावरून पिढ्यांची वैरं होतील, कारण तसं फक्त शिकारी करतात. "तो माझ्या खाली आहे" हे वाक्य आपल्याकडे तुच्छतेचं, तिथे धसका बसेल.

आणि लाल? तिथे लाल उजेडच पोचत नाही, त्यामुळे लाल वस्तू काळी दिसते. खोल पाण्यातले बरेच प्राणी लाल असतात ते मिरवायला नाही, गायब व्हायला. एका जातीचा ड्रॅगनफिश मात्र डोळ्याखालून लाल प्रकाश टाकतो आणि त्याला तो दिसतोही, बाकी जवळपास कोणाला दिसत नाही, म्हणजे सगळ्यांमध्ये राहून त्याच्याकडे स्वतःचा गुप्त टॉर्च. अशी नजर असलेले दोन-चार लोक गावात असले तर लोक त्यांना काय म्हणतील, ते तुम्ही ठरवा.

### जेवण आकाशातून पडतं, तेही दोन वेळच्या गाडीने

६०० मीटरला काही उगवत नाही. जे येतं ते वरून, आणि दोन प्रकारे.

पहिलं म्हणजे मरीन स्नो, म्हणजे समुद्रातलं हिम. वर मेलेलं शेवाळ, चिकट शेंबडासारखे धागे आणि मुख्य म्हणजे बारीक प्राण्यांची विष्ठा, हे सगळं गुठळ्या होऊन भुरभुरत खाली येतं. वाटेत बाकीचे खात असल्यामुळे ते पातळ होत जातं. १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी याचा एक साधा हिशोब मांडला, तो लावला तर १०० मीटरवरून जेवढं खाली येतं त्यातला साधारण पाचवा हिस्सा ६०० मीटरला पोचतो आणि ४,००० मीटरला शंभरातले चार भाग. म्हणून मी गाव ४,००० वर नाही वसवलं. तिथे गाव होणारच नाही, एखादं कुटुंब होईल आणि पुढचं कुटुंब खूप लांब.

दुसरं जास्त मोठं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, वापरणाऱ्यांना समुद्रात एक खोटा तळ दिसायला लागला, तीन-चारशे मीटरवर, आणि तो तळ रात्री वर सरकायचा. नंतर उलगडलं की तो तळ नाही, असंख्य जीवांचा थर आहे. छोटे मासे, कोळंबीसारखे प्राणी, स्क्विड, हे दिवसा शिकाऱ्यांपासून लपायला खालच्या अंधारात थांबतात आणि रात्री खायला वर जातात. रोज. पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं स्थलांतर हेच.

आता आपला डोंगर आठवा. रात्री वर गेलेला हा थर प्रवाहाबरोबर वाहत माथ्यावर येतो, पहाट झाली की खाली उतरायला लागतो आणि ४०० मीटरवर डोंगरालाच आपटतो. खाली जायला जागा नाही, वर उजेड वाढतोय. बुडालेल्या डोंगरांभोवती मासे दाट असतात त्यामागे हे एक कारण धरतात. म्हणजे गावाचा रोजचा बाजार पहाटे माथ्यावर भरतो, आणि तिथे रोज जाऊन यायला पायऱ्या नसलेले लोक हवेत. तेलवाले! गॅसवाल्यांना जायचं तर दोन-तीन रात्री आधी निघून वरच तळ ठोकायचा. त्यामुळे गावाची दोन घरं असतील, एक खालचं, एक माथ्यावरचं हंगामी, आणि बायको माथ्यावर नि नवरा खाली अशी कितीतरी लग्नं.

कॅलेंडरही यातूनच येतं. वर वसंतात शेवाळ फुललं की काही आठवड्यांनी हिम दाट होतं, ते त्यांचं नवं वर्ष. पौर्णिमेच्या आसपास थर रात्री फार वर जात नाही, कारण चांदण्यात तो दिसतो. म्हणजे ज्यांनी चंद्र जन्मात बघितला नाही त्यांना महिना माहीत आहे, जेवणावरून. आणि सूर्यग्रहणात, हे खरोखर नोंदवलंय, भर दुपारी तो थर वर सरकायला लागतो, त्याला वाटतं रात्र झाली. विचार करा, गावाला सूर्य नावाचं काही ठाऊक नाही आणि एखाद्या पिढीत एकदा भर दिवसा अन्न उठून वर निघून जातं आणि काही वेळाने परत येतं. यावर धर्म तयार नाही झाला तर नवल.

### घर: छप्पर पावसासाठी नाही, ताटासाठी

पाण्यात वजन जवळजवळ जाणवत नाही म्हणून जमीन, जिना, पलंग यांची गरज नाही. दार कुठेही चालेल. छप्पर मात्र लागतं, उलट्या छत्रीसारखं, हिम गोळा करायला. शास्त्रज्ञही खोल समुद्रात हेच करतात, मोठं नरसाळं लटकवतात आणि खाली बाटली लावतात. गावात श्रीमंती छपराच्या तोंडावरून मोजली जाते आणि शेजाऱ्याच्या छपरावर आपलं छप्पर आणणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढणं, कारण हिम सरळ वरून येतं असं सगळे धरून चालतात. खरं तर प्रवाहाने ते तिरपं येतं. म्हणजे चोर नक्की कोण, यावर पंचायती चालतच राहणार.

भिंती कशाच्या? थंड पाण्यात, अंधारात वाढणारं प्रवाळ खरंच असतं. नॉर्वेजवळ ३००-४०० मीटरवर त्याची ३५ किलोमीटरच्या आसपास लांब रांग २००२ मध्ये सापडली. पण ते वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतं. दोन मीटर भिंत म्हणजे शंभर-दोनशे वर्षं. इथे घर कोणी बांधत नाही, पेरतात, आणि ज्याने पेरलं तो त्यात कधी राहत नाही. मालकी हा शब्द अशा गावात जरा वेगळा चालेल, "हे घर माझं" पेक्षा "हे घर माझ्या हातून वाढतंय" असा.

### मेल्यावर

माझ्या मते हा या गावाचा सगळ्यात जड भाग. तलावात बुडालेलं शव काही दिवसांनी फुगून वर येतं, सडताना गॅस होतो म्हणून. ६०० मीटरला तो गॅस ६१ पट दाबलेला आणि पाणी थंड, त्यामुळे तसं काही होत नाही, मेलेलं खाणारे हॅगफिश येतात आणि हाडं उरतात. तेलवाला गेला तर तो असा इथेच संपतो.

गॅसवाल्याची गोष्ट वेगळी. जिवंतपणी पिशवी त्याच्या ताब्यात होती, आता नाही. जरासा धक्का लागला, प्रवाहाने थोडं वर नेलं की तो वर पडायला लागतो, फुगत, वेग घेत, आणि दिसेनासा होतो. बघणाऱ्याला काय दिसतं? आजी निळ्याकडे निघून गेली. आणि वरून काय येतं? हिम. या दोन गोष्टी जोडायला कोणालाही फार वेळ लागणार नाही: गेलेले वर जातात आणि अन्न होऊन परत येतात. त्या पवित्र हिमात बराचसा भाग विष्ठेचा आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही, आणि असतं तरी श्रद्धेला त्याने काही फरक पडला असता असं मला वाटत नाही.

तेलवाल्यांचं दुःख लक्षात आलं? आयुष्यभर वर जाणारे तेच, पण मेल्यावर खाली राहणारेही तेच.

### पण आग नाही, धातू नाही, मग संस्कृती कसली?

हा आक्षेप खरा आहे, टाळू नका. समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांचं पाणी ३५० अंशांच्या वर जातं, कथील २३२ ला वितळतं, शिसं ३२७ ला, म्हणून काही जण म्हणतात की झऱ्यावर धातूकाम होईल. झऱ्याच्या अगदी तोंडाशी कदाचित, पण बाहेर पडता पडताच ते थंड पाण्यात मिसळतं, आणि तांब्याला हजाराच्या वर अंश लागतात. शिवाय आपल्या डोंगरावर झरा नाहीच. मग धातू विसरा. हाड, शिंपला, दोर, गाठी, प्रवाळ पेरण्याचं ज्ञान, आणि आवाज, जो पाण्यात हवेपेक्षा चारपट वेगाने जातो. लिपी असलीच तर बोटांनी वाचायची, गाठींची, कारण कोरलेल्या अक्षरांवर गाळ बसणार. मशाल मात्र नाही. सॉरी.

### म्हणजे निसर्गच सगळं ठरवतो का?

नाही. निसर्ग प्रश्न देतो, उत्तर गावाचं. शेजारच्या डोंगरावर हीच खोली, हाच थर, हीच पिशवी, पण तिथले लोक मेलेल्या गॅसवाल्याची पिशवी शिंपल्याने टोचतात, दगड बांधतात आणि त्याला प्रवाळाच्या मुळाशी ठेवतात, कारण त्यांच्या मते वर पडणं ही शिक्षा आहे, वर भूक राहते आणि ती आपल्याला अर्धवट खाऊन उरलेलं टाकते, म्हणून हिम. तेच पुरावे, पार उलटा धर्म. आणि या दोन गावांत लग्न जुळलं तर म्हातारपणी नवऱ्याला वर सोडायचं की खाली बांधायचं? मी तरी या प्रश्नावरून एक प्रकरण लिहिलं असतं.

हे सगळं मैत्रिणीला फोनवर सांगून झालं, दीड तास गेला. ती जरा चिडली, मशालींवरून जास्त. मग आठवड्याने पहिलं पान पुन्हा पाठवलं. दरबारी वर तरंगतायत, पोटाचे दिवे विझवून, आणि खालच्या काळोखातून आवाज येतोय. राणी तळाशी आहे. झगा लालच ठेवलाय तिने, त्यामुळे इतक्या वर्षांत राणीला कोणीच बघितलेलं नाही, आणि दरबारातल्या एकाला शंका आहे की तिथे खाली बसलेली बाई दरवेळी तीच असते का.